सॅलरी स्लिपच्या फोटोवरून पगार कसा वाचायचा आणि कापलेला टॅक्स वाजवी आहे का हे कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या महिन्याचा पगार झाला की नागपुरातल्या नोकरदार ओळखीच्यांकडून सॅलरी स्लिपचे फोटो यायला लागतात. कोणी मिहानमधला असतो, कोणी हिंगणा एमआयडीसीतला, कोणी बुटीबोरीचा. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "एवढा टॅक्स कसा काय कापला?" या प्रश्नाचं उत्तर त्या एका महिन्याच्या आकड्यात कधीच नसतं, ते वर्षाच्या हिशोबात असतं. तो हिशोब घरबसल्या कागद-पेन घेऊन करता येतो. खाली एकच स्लिप धरून तो शेवटपर्यंत केला आहे. सगळे नियम आणि दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या पगाराचे आहेत.

उदाहरणाची स्लिप कोणती?

मिहानमधल्या एका आयटी कंपनीत काम करणारी, मनीषनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी एक तरुणी आहे असं समजू. स्लिप ऑक्टोबर २०२५ ची आहे. हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत.

कमाईच्या बाजूला:
बेसिक ५०,०००
एचआरए २०,०००
कन्व्हेयन्स २,०००
स्पेशल अलाउन्स ४३,०००
दिवाळी एक्स-ग्रेशिया ६०,०००
एकूण १,७५,०००

कपातीच्या बाजूला:
पीएफ ६,०००
प्रोफेशनल टॅक्स २००
मेडिक्लेम ८५०
टीडीएस १५,९२५
एकूण २२,९७५

हातात येणारा पगार १,५२,०२५. सप्टेंबरपर्यंत तिचा महिन्याचा टीडीएस ६,५६५ होता. या महिन्यात तो एकदम अडीचपटीच्या आसपास गेला, म्हणून फोटो आला.

फोटो काढताना काय सांभाळायचं?

कंपनीच्या पोर्टलवरून पीडीएफ मिळत असेल तर फोटो काढूच नका, पीडीएफच पाठवा. कागदच हातात असेल तर तो टेबलावर सपाट ठेवा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून वरून सरळ फोटो घ्या. फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यांवर पडतो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो उजवी कड कापली गेल्यामुळे. बऱ्याच स्लिपांवर महिन्याच्या आकड्याशेजारी 'वर्षभरात आतापर्यंत' असा दुसरा रकाना असतो. टॅक्स तपासायला तोच रकाना सोन्यासारखा आहे, आणि फोटोत बरेचदा तोच अर्धा असतो. वरचा भागही हवा: महिना, कामाचे दिवस, बिनपगारी दिवस. मात्र पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा नंबर झाकून मगच फोटो पुढे पाठवा. पगार तपासायला त्यातलं काहीही लागत नाही.

फोटोत एखादा आकडा पुसट आहे. ३ आहे की ८, १ आहे की ७, कळत नाही. आता?

स्लिप स्वतःच स्वतःचा ताळा देते. कमाईच्या ओळींची बेरीज एकूण कमाईशी जुळली पाहिजे, कपातीच्या ओळींची बेरीज एकूण कपातीशी, आणि दोन्हींमधला फरक निव्वळ पगाराशी. निव्वळ पगार अक्षरांतही लिहिलेला असतो आणि तोच आकडा बँकेच्या एसएमएसमध्येही आलेला असतो. एकच ओळ वाचता येत नसेल तर बाकीच्या वजा करून ती काढता येते.

दोन ओळी गेल्या असतील तरी मार्ग आहे. पीएफ साधारणपणे बेसिकच्या, आणि महागाई भत्ता असेल तर दोन्ही मिळून, १२ टक्के असतो. आपल्या स्लिपमध्ये पीएफ ६,००० आहे. त्याला ०.१२ ने भागलं की ५०,००० येतात. म्हणजे बेसिकची ओळ पूर्ण काळी झाली असती तरी ती सापडली असती. हे गणित एका ठिकाणी चालत नाही: पीएफ नेमका १,८०० दिसत असेल तर कंपनी कायद्यातल्या १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ कापते आहे. तेव्हा त्यावरून खरं बेसिक कळणार नाही.

कमाईच्या बाजूच्या ओळींचा अर्थ काय?

बेसिक हा पगाराचा पाया. पीएफ, ग्रॅच्युइटी, एचआरएची सवलत हे सगळं त्याच्यावरून मोजलं जातं. बेसिक पूर्णपणे करपात्र असतं.

एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता. इथे तो बेसिकच्या ४० टक्के आहे आणि नागपुरात हे प्रमाण नेहमी दिसतं, कारण आयकराच्या हिशोबात नागपूर महानगरांच्या यादीत नाही आणि इथे सवलतीची वरची मर्यादा बेसिकच्या ४० टक्के आहे. पण ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत एचआरएचा रुपया आणि बेसिकचा रुपया सारखाच, भाडेपावती असो वा नसो.

कन्व्हेयन्सच्या बाबतीत जुना समज अजून टिकून आहे. घर ते ऑफिस प्रवासभत्त्याची महिना १,६०० रुपयांची माफी २०१८-१९ पासून गेली, तिच्या जागी स्टँडर्ड डिडक्शन आलं. त्यामुळे हे २,००० पूर्ण करपात्र आहेत.

स्पेशल अलाउन्स म्हणजे ठरलेला पगार बाकीच्या ओळींत वाटून झाल्यावर जे उरतं ते. नाव स्पेशल असलं तरी त्याला टॅक्समध्ये कसलीही खास वागणूक नाही.

राहिली दिवाळीची ६०,००० ची ओळ. बोनसच्या कायद्याने मिळणारा बोनस महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. त्यावरच्यांना कंपनी स्वखुशीने देते ती रक्कम स्लिपवर एक्स-ग्रेशिया म्हणून येते. तिच्यावर पीएफ कापलेला नाही आणि ते बरोबर आहे. टॅक्स मात्र पूर्ण रकमेवर लागतो. "दिवाळी बोनसवर टॅक्स नसतो" असं कॅन्टीनमध्ये कोणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या.

पीएफ ६,००० कापला, मग कंपनीचा वाटा कुठे आहे?

कंपनीही तेवढेच ६,००० भरते, पण ते बहुतेक स्लिपांवर कमाईत दिसत नाहीत. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ४,७५० तुमच्या पीएफ खात्यात. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच पगार १५,००० च्या वर असलेल्यांचे पूर्ण ६,००० पीएफ खात्यातच जातात. ईपीएफओच्या पासबुकात पेन्शनचा रकाना रिकामा दिसला तर आधी ही गोष्ट तपासा.

काही कंपन्या कंपनीचा वाटा कमाईत दाखवतात आणि पुन्हा कपातीत वजा करतात. अशा स्लिपवरची 'एकूण कमाई' फुगलेली असते. टॅक्सचा हिशोब करताना ती रक्कम आधी बाजूला काढा, कारण बेसिकच्या १२ टक्क्यांपर्यंतचा कंपनीचा वाटा सर्वसाधारण पगारदाराच्या करपात्र पगारात येत नाही. नोकरीच्या ऑफर लेटरमधला सीटीसी आणि स्लिपवरची कमाई यांत फरक दिसतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

प्रोफेशनल टॅक्स आणि इतर छोट्या कपाती?

प्रोफेशनल टॅक्स राज्य सरकारचा, आयकराशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीचे २५ रुपये दिसू शकतात. महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांच्या स्लिपवर ईएसआयसीचे पाऊण टक्का दिसतात. आपल्या स्लिपमधले मेडिक्लेमचे ८५० म्हणजे ग्रुप विम्यात कर्मचाऱ्याने भरायचा हप्ता.

आता मुख्य प्रश्न. १५,९२५ टीडीएस बरोबर आहे का?

बरोबर आहे. कसं ते पाहू.

कंपनी महिन्याच्या पगारावर महिन्याचा टॅक्स कापत नाही. कायद्याने तिने तुमचा वर्षाचा पगार अंदाजायचा, त्यावरचा वर्षाचा टॅक्स काढायचा आणि तो महिन्यांमध्ये वाटून कापायचा असतो. म्हणून आधी बोनस नसलेलं वर्ष घेऊ.

महिना १,१५,००० म्हणजे वर्षाचे १३,८०,०००. नवी करप्रणाली असल्यामुळे त्यातून फक्त ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा होतं. पीएफ वजा होत नाही, प्रोफेशनल टॅक्सही नाही, मेडिक्लेमही नाही. अनेक जण बँकेत जमा झालेल्या रकमेवरून टॅक्स काढू पाहतात आणि तिथेच हिशोब चुकतो. उरले १३,०५,०००.

पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. १२ लाखांवरच्या १,०५,००० वर १५ टक्के, म्हणजे १५,७५०. बेरीज ७५,७५०. त्यावर ४ टक्के सेस ३,०३०. वर्षाचा टॅक्स ७८,७८०. बाराने भागले की ६,५६५. सप्टेंबरपर्यंत कापलेला आकडा हाच होता, म्हणजे तोवर कंपनी काटेकोर होती.

आता ऑक्टोबरमध्ये वर्षाच्या पगारात ६०,००० वाढले. ही सगळी रक्कम १५ टक्क्यांच्या टप्प्यात पडते, कारण त्याखालचे टप्पे आधीच भरले आहेत. ६०,००० चे १५ टक्के ९,०००, त्यावर सेस ३६०, मिळून ९,३६०. नेहमीचे ६,५६५ आणि हे ९,३६० मिळून १५,९२५. रुपयाला रुपया जुळतो.

म्हणजे कंपनीने बोनसवरचा पूर्ण टॅक्स बोनसच्याच महिन्यात कापला. नोव्हेंबरपासून टीडीएस पुन्हा ६,५६५ वर यायला हवा. तसा आला नाही तर मात्र विचारायला हवं.

माझ्या मित्राच्या कंपनीत पगार आणि बोनस तेवढाच आहे, पण त्याचे ८,१२५ च कापले. मग कोणाची कंपनी चुकली?

कोणाचीच नाही. त्याच्या कंपनीने वाढलेला टॅक्स उरलेल्या महिन्यांत वाटला. बोनस धरून वर्षाचा टॅक्स ८८,१४०. सप्टेंबरपर्यंत सहा महिन्यांत ३९,३९० कापून झाले. उरले ४८,७५०. ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने शिल्लक, म्हणून महिना ८,१२५. मार्चअखेर दोघांचीही कपात ८८,१४० होईल. एका पद्धतीत दिवाळीला हात थोडा आखडतो, दुसरीत पुढचे सहा महिने पगार जरा कमी येतो, इतकाच फरक.

यातूनच तपासणीचं सूत्र मिळतं: वर्षाचा टॅक्स वजा आतापर्यंत कापलेला, भागिले उरलेले महिने. आपल्या तरुणीच्या ऑक्टोबरच्या स्लिपवर 'आतापर्यंत' रकान्यात टीडीएस ५५,३१५ असेल. ८८,१४० मधून तो वजा केला की ३२,८२५ उरतात आणि पाच महिन्यांत वाटले की ६,५६५. कोणत्याही महिन्याची स्लिप समोर असली तरी हे सूत्र चालतं. फक्त या महिन्याची कपात 'आतापर्यंत'मध्ये धरली आहे की नाही, हे पाहून महिने मोजा.

किती फरक आला तर काळजी करायची?

शे-दोनशे रुपयांचा फरक सोडून द्या. पूर्णांक करण्याची पद्धत, मध्येच मिळालेला एखादा छोटा भत्ता, कंपनीने दिलेल्या सुविधेचं करपात्र मूल्य यांतून तो येतो. फरक महिना हजारांत असेल तर कारण असतंच, आणि नेहमीची कारणं मोजकी आहेत. कंपनीने तुम्हाला जुन्या प्रणालीत धरलं असेल. पुढे मिळणारा व्हेरिएबल पे तिने आधीच वर्षाच्या अंदाजात घेतला असेल. आधीच्या नोकरीचा पगार जोडला असेल. किंवा पॅन कंपनीकडे नोंदलेलाच नसेल, आणि तसं असलं तर कपात कमीत कमी २० टक्के दराने होते.

शेवटचे तीन महिने थोडे वेगळे असतात. जानेवारीच्या सुमाराला कंपन्या गुंतवणुकीचे आणि भाड्याचे पुरावे मागतात. जुन्या प्रणालीत असलेल्या माणसाने एप्रिलमध्ये दीड लाखाची गुंतवणूक कबूल केली आणि पुरावे दिले नाहीत, तर सगळा फरक जानेवारी ते मार्चच्या पगारांतून वसूल होतो. फेब्रुवारीच्या स्लिपचा फोटो पाहताना मी आधी हेच विचारतो: "पुरावे दिले होते का?"

मी भाडं भरते, ८०सी पण आहे. जुनी प्रणाली घेतली असती तर टॅक्स वाचला असता का?

या पगाराला नाही. पूर्ण हिशोब करून दाखवतो, कारण या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नये.

मनीषनगरच्या फ्लॅटचं भाडं महिना १८,०००, वर्षाचं २,१६,००० धरू. एचआरएची माफी तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा असते: मिळालेला एचआरए २,४०,०००, बेसिकच्या ४० टक्के, तेही २,४०,०००, आणि भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून उरलेले १,५६,०००. माफी १,५६,००० ची.

वर्षाच्या १४,४०,००० मधून ही माफी, ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० प्रोफेशनल टॅक्स, ८०सीचे पूर्ण दीड लाख आणि मेडिक्लेमचे १०,२०० वजा केले तर उरतात १०,७१,३००. जुन्या दरांनी त्यावर टॅक्स १,३३,८९० आणि सेस धरून साधारण १,३९,२४६. नव्या प्रणालीत ८८,१४०. म्हणजे सगळ्या सवलती घेऊनही जुनी प्रणाली ५१,००० नी महाग पडते. जुनी परवडायची तर गृहकर्जाच्या व्याजासारखी मोठी वजावट सोबत हवी, आणि तरीही गणित करूनच ठरवा.

कंपनीला काही कळवलं नाही तर ती नवीच प्रणाली धरते. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न मुदतीत भरताना प्रणाली बदलता येते, त्यामुळे स्लिपवरची निवड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

परवापर्यंत टीडीएस शून्य होता. पगार महिना १,०६,२५० वरून १,०८,००० झाला आणि कपात सुरू झाली. हे काय?

१,०६,२५० चे वर्षाचे १२,७५,००० होतात. स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर नेमके १२ लाख, आणि तिथपर्यंत कलम ८७ए मुळे टॅक्स शून्य होतो. १,०८,००० नी पूर्ण वर्ष धरलं तर करपात्र उत्पन्न १२,२१,००० होतं. टप्प्यांप्रमाणे टॅक्स ६३,१५० निघतो. २१,००० जास्त मिळाले म्हणून ६३,००० टॅक्स भरायला लावणं अन्यायाचं झालं असतं, म्हणून इथे सीमांत सवलत आहे: १२ लाखांच्या वर जितके रुपये, त्याहून जास्त टॅक्स नाही. म्हणून टॅक्स २१,००० आणि सेस ८४०, महिना १,८२०.

ही सवलत करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५०० ओलांडलं की संपते. कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर ही सवलत धरत नसेल तर तुमच्या स्लिपवर महिना ५,४७३ च्या आसपास टीडीएस दिसेल. १,०६,००० ते १,१२,००० च्या दरम्यान पगार असणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. माझ्या मते स्लिपमध्ये खरीखुरी चूक सापडण्याची शक्यता या पट्ट्यात जास्त आहे.

ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली. नव्या कंपनीत टीडीएस शून्य. आनंद मानायचा ना?

थांबा. कमी कापलेला टॅक्स जास्त कापलेल्या टॅक्सपेक्षा अधिक त्रास देतो, कारण तो जूनपर्यंत दिसतच नाही.

समजा जुन्या कंपनीत सहा महिने १,१०,००० पगार होता. तिने वर्षभराचा पगार १३,२०,००० धरला, सीमांत सवलत दिली आणि महिना ३,९०० प्रमाणे २३,४०० कापले. नव्या कंपनीत १,१५,००० पगार. जुन्या नोकरीची माहिती तिच्याकडे नसेल तर ती फक्त सहा महिन्यांचे ६,९०,००० पाहते आणि १२ लाखांच्या आत म्हणून काहीच कापत नाही. तुमचं खरं वर्ष मात्र १३,५०,००० चं आहे. करपात्र १२,७५,०००, टॅक्स सेससह ७४,१००. कापले गेले २३,४००. रिटर्न भरताना ५०,७०० एकदम भरावे लागतील आणि वर व्याजही.

यासाठी नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून जुन्या नोकरीचा पगार आणि कापलेला टॅक्स कळवायचा असतो. तो दिला की पुढच्या महिन्यापासून टीडीएस वाढलेला दिसेल, आणि तसाच तो दिसायला हवा.

सरकारी नोकरीची स्लिप असेल तर?

रीत तीच, ओळी वेगळ्या. बेसिकसोबत महागाई भत्ता येतो आणि तोही पूर्ण करपात्र असतो. एनपीएसमध्ये कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जातात. सरकारी वाटा अनेक स्लिपांवर आधी कमाईत मिळवून मग कपातीत दाखवलेला असतो. पीएफच्या उलट, हा वाटा आधी पगारात धरून मग वजावट म्हणून काढायचा असतो, आणि ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते. ती विसरली की टॅक्स उगाच मोठा निघतो.

हिशोब जुळला नाही. एचआरला काय विचारू?

"टॅक्स जास्त का कापला?" असं विचारलं तर "सिस्टिमने काढलाय" असं उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: "ऑक्टोबर २०२५ च्या टीडीएसची टॅक्स कम्प्युटेशन शीट पाठवाल का? माझ्यासाठी कोणती करप्रणाली धरली आहे, वर्षाचा अंदाजित पगार किती धरला आहे आणि त्यात व्हेरिएबल पे धरला आहे का, हे पाहायचं आहे." ही शीट प्रत्येक पेरोल सॉफ्टवेअरमधून निघते. ती हातात आली की तुमचा कागद आणि तिचा कागद ओळीने लावून बघा. फरक कोणत्या ओळीत आहे ते पाच मिनिटांत कळतं.

चूक निघाली तर कंपनी सहसा पैसे परत देत नाही, पुढच्या महिन्यांचा टीडीएस तेवढा कमी करते. म्हणून हे मार्चच्या पगाराआधी झालं पाहिजे. वर्ष संपल्यावर जास्तीचा टॅक्स फक्त रिटर्न भरून रिफंड म्हणूनच मिळतो.

स्लिपवर टीडीएस आहे, पण तो खरंच सरकारकडे जमा झाला का?

हे स्लिपवरून कळत नाही. त्यासाठी आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म २६एएस किंवा एआयएस पाहावं लागतं. तिथे कंपनीच्या नावासमोर महिन्यागणिक पगार आणि टॅक्सचे आकडे दिसतात.

उशीर झालेला दिसला तर लगेच घाबरू नका. ऑक्टोबरचा टॅक्स कंपनीने ७ नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो, पण तो तुमच्या नावावर दिसतो तो कंपनीने त्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरल्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबरची त्याची मुदत ३१ जानेवारी. म्हणून आपल्या तरुणीचे १५,९२५ तिने फेब्रुवारीच्या मध्याला पाहावेत. आकडा तिथे नसेल किंवा स्लिपपेक्षा कमी असेल, तर त्या महिन्याच्या स्लिपची पीडीएफ जोडून कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी विचारा. बरेचदा पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं असतं आणि कंपनीने दुरुस्त रिटर्न भरलं की ते सुटतं. टॅक्स कापूनही भरलाच नसेल, तरी तुमच्याकडून तो पुन्हा वसूल करता येत नाही असं कायदा सांगतो. पण ते सिद्ध करायला लागतात त्या प्रत्येक महिन्याच्या स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट. नोकरी सोडली की पोर्टलचं लॉगिन बंद होतं, म्हणून पीडीएफ दर महिन्याला स्वतःच्या मेलवर उतरवून ठेवा.